क्लेम रेशोचं मासिक टिपण: शाखाधिकाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या सर्वसाधारण विमा शाखांमध्ये नव्यानं शाखाधिकारी झालेल्यांसाठी हे पान आहे. महिना संपला की पहिल्या आठवड्यात प्रादेशिक प्रमुखांना क्लेम रेशोचं टिपण पाठवायचं असतं: रेशो किती, का वाढला आणि आता काय करणार. आकडा सिस्टीम देते, 'का' आपण लिहायचा, आणि गाडी तिथंच अडते. आपल्या भागात रेशोला धक्का बहुतेक वेळा मोटारच्या थर्ड पार्टी क्लेममुळे, म्हणजे टीपीमुळे बसतो. म्हणून सगळं त्याच अंगानं सांगितलं आहे. उदाहरणातली शाखा आणि तिचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. ते कुठल्याही खऱ्या शाखेचे नाहीत.

रेशो म्हणजे नेमकं कशाला कशानं भागायचं?

वर इन्कर्ड क्लेम, खाली अर्न्ड प्रीमियम. महिन्यात दिलेले क्लेम घ्या, त्यात महिनाअखेरचं आउटस्टँडिंग, म्हणजे नोंदलेल्या पण अजून न दिलेल्या क्लेमसाठी बाजूला धरलेली रक्कम किंवा प्रोव्हिजन, मिळवा आणि महिन्याच्या सुरुवातीचं आउटस्टँडिंग वजा करा. हे झाले इन्कर्ड. अर्न्ड प्रीमियम म्हणजे गोळा केलेल्या प्रीमियमपैकी या महिन्याच्या दिवसांच्या वाट्याला आलेला भाग. कमिशन आणि शाखेचा खर्च यात कुठेच नाही. त्यामुळे रेशो शंभराच्या आत आहे म्हणजे शाखा फायद्यात आहे, असं समजू नये.

या महिन्यात फारसे क्लेम दिलेच नाहीत. तरी रेशो ६४ वरून ९५ वर कसा गेला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एका शाखेचा जानेवारी घेऊ.

अर्न्ड प्रीमियम ६२ लाख. दिलेले क्लेम २१ लाख. आउटस्टँडिंग सुरुवातीला ४ कोटी १० लाख होतं, अखेरीस ४ कोटी ४८ लाख झालं, म्हणजे ३८ लाखांनी वाढलं. २१ आणि ३८ मिळून इन्कर्ड ५९ लाख. त्याला ६२ नं भागलं की ९५ टक्के.

हे बरोबर आहे, पण 'दिले २१ आणि आउटस्टँडिंग वाढलं ३८' एवढंच लिहून प्रादेशिक प्रमुखांना काहीच कळत नाही. आउटस्टँडिंग का वाढलं ते उकलून दाखवावं लागतं. या महिन्यात नवीन आलेल्या क्लेमसाठी २४ लाखांची प्रोव्हिजन झाली. जुन्या फायलींची प्रोव्हिजन ४२ लाखांनी वाढवली. काही फायली पैसे न देता किंवा अंदाजापेक्षा कमी रकमेत मिटल्या, त्यातून ७ लाख सुटले. आणि २१ लाख दिले गेल्यामुळे तेवढी रक्कम आउटस्टँडिंगमधून कमी झाली. आता ४१० मध्ये २४ आणि ४२ मिळवा, ७ आणि २१ वजा करा. ४४८ येतात.

दिलेले २१ लाख एकदा 'दिले' म्हणून जमा होतात आणि तेवढेच आउटस्टँडिंगमधून वजा होतात. इन्कर्ड शेवटी २४ अधिक ४२ वजा ७ एवढंच, म्हणजे ५९. त्यात २१ चा आकडा कुठे दिसतच नाही. प्रोव्हिजन आधीच पुरेशी केली असेल तर पैसे देण्यानं रेशो हलत नाही. तो हलतो प्रोव्हिजन करण्यानं, वाढवण्यानं आणि सोडण्यानं. म्हणून टिपणात 'किती दिले' याला एक ओळ पुरे. नवीन, वाढ आणि सुटका या तीन आकड्यांवर मात्र सगळा भर द्यावा.

मग मार्चअखेर पेमेंट थोडी लांबवली तर रेशो सांभाळता येईल ना?

नाही. वरचा हिशेब पुन्हा एकदा पाहा. पेमेंट लांबवलं तर रक्कम 'दिले' ऐवजी आउटस्टँडिंगमध्ये पडून राहते, बेरीज तीच येते. वर निवाडा झालेल्या फायलीवर व्याज चढतं आणि ग्राहकाची तक्रार येते. तरीही दर मार्चला ही सूचना कुणीतरी करतंच.

प्रोव्हिजनच कमी धरायची, ही खरी पळवाट. त्यानं रेशो नक्की कमी दिसतो, पण नंतर एखाद्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं. आपल्या उदाहरणातल्या जानेवारीत नेमकं असंच झालं, फक्त हेतू तसा नव्हता.

एका मृत्यूच्या दाव्याची प्रोव्हिजन ५ लाखांवरून थेट साडेबत्तीस लाखांवर कशी जाते?

४२ लाखांच्या वाढीतले साडेसत्तावीस लाख या एकाच फायलीचे आहेत. ती उलगडून पाहू.

मार्च महिना, उसाचा हंगाम संपत आलेला. पलूस भागात रात्री उसानं भरलेला ट्रॅक्टर टायर फुटल्यामुळे रस्त्याच्या कडेला उभा होता. मागं दोन ट्रेलर. मोटारसायकलवरून येणारा ३४ वर्षांचा एक माणूस मागून धडकला आणि जागीच गेला. पोलीस ठाण्यातून शाखेकडे पॉलिसी खरी आहे का, हे विचारणारं पडताळणीचं पत्र आलं. त्यावरून क्लेम नोंदवला गेला. मयताची कमाई आणि घरात कोण कोण आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून सिस्टीमचा ठरावीक आकडा, ५ लाख, पडला. इथपर्यंत काहीच वावगं नाही.

ऑगस्टमध्ये वारसांनी ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीमुळे आता अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, म्हणून वकील थांबत नाहीत. अर्जात लिहिलं होतं: मयत गवंडीकाम करायचा, महिन्याला १५ हजार मिळवायचा, मागे बायको, दोन मुलं आणि आई.

इतकी माहिती हातात आली की प्रोव्हिजन अंदाजपंचे ठेवायचं कारण उरत नाही. ट्रिब्युनल ज्या सूत्रानं चालतं ते सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलं आहे. महिन्याला १५ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. स्वतःचा व्यवसाय, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले २ लाख ५२ हजार. अवलंबून असलेले चार जण, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. राहिले १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार ३० लाख २४ हजार.

त्यावर ठरावीक रकमा येतात. प्रणय सेठी निकालात वारसाहक्काच्या नुकसानीपोटी १५ हजार, अंत्यविधीला १५ हजार आणि सहवास गमावल्याबद्दल ४० हजार धरले होते, आणि दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ सांगितली होती. २०२० आणि २०२३ अशा दोन वाढी धरून त्या १८,१५०, १८,१५० आणि ४८,४०० होतात. सहवासाची रक्कम बायको, मुलं, आई प्रत्येकाला वेगळी धरली जाते, म्हणून ती चारदा: १ लाख ९३ हजार ६००. सगळं मिळून ३२ लाख ५३ हजार ९००. अंत्यविधीच्या रकमेचा उल्लेख अगदी कोरडा वाटतो, पण फाईल अशीच वाचावी लागते.

व्याज वेगळं. अर्जाच्या तारखेपासून साधारण साडेसात ते नऊ टक्के दर लावलेला आढळतो. साडेसात जरी धरलं तरी या एका फायलीवर महिन्याला वीस हजार चढतात. प्रोव्हिजनमध्ये ते धरायचं की नाही, हे तुमच्या कंपनीच्या नियमानुसार ठरवा, पण टिपणात एक वाक्य लिहाच. मृत्यू आणि दुखापतीच्या टीपी दाव्याला पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते, ही गोष्ट मोटारच्या इतर क्लेमवर वाढलेल्या माणसाला पटकन अंगवळणी पडत नाही.

अर्ज ऑगस्टचा, मग बोजा जानेवारीत का पडला?

या प्रश्नाचं उत्तर ज्या टिपणात असतं तेच वाचनीय. समन्स ऑक्टोबरमध्ये शाखेत आलं. इनवर्ड झालं, त्याच दिवशी पॅनेल वकिलांकडे रवाना झालं. वकिलांनी वकीलपत्र दाखल केलं, लेखी म्हणण्यासाठी मुदत घेतली. सगळं वेळेत. फक्त अर्जातलं वय, कमाई आणि वारसांची संख्या क्लेम सिस्टीममध्ये कुणी भरली नाही. जानेवारीत विभागीय तपासणीच्या वेळी फाईल उघडली, तेव्हा आकडा सुधारला.

ऑक्टोबरमध्ये सुधारला असता तर साडेसत्तावीस लाखांचा धक्का ऑक्टोबरला बसला असता, वर्षाचा रेशो तोच राहिला असता. मग तीन महिने गेल्यानं बिघडलं काय? एक तर धक्का अनपेक्षित ठरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपास थांबला. ट्रेलरच्या मागं रिफ्लेक्टर होते का, इंडिकेटर चालू होता का, मोटारसायकलस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, त्याच्याकडे परवाना होता का, हे सगळं तीन महिन्यांनी विचारायला गेलं की पंचनाम्यापलीकडे हाती काही लागत नाही. प्रोव्हिजन ५ लाख दिसत असेल तर तपासनीसही ५ लाखांची फाईल म्हणूनच पाहतो. आकडा खरा असला की फायलीला आपोआप वजन येतं.

हा एक क्लेम वगळून रेशो ५१ येतो. तसं लिहावं का?

लिहावं, पण सांभाळून. साडेसत्तावीस लाख काढले की इन्कर्ड साडेएकतीस लाख राहतात आणि रेशो ५१ दिसतो. हा आकडा 'बाकी धंदा कसा चाललाय' एवढं सांगायला उपयोगी आहे. पण 'प्रत्यक्षात आमचा रेशो ५१ आहे' असं वाक्य आलं की टिपण तिथंच पडतं, कारण असा एखादा क्लेम दर दोन-तीन महिन्यांनी येणार हे तुम्हाला आणि प्रादेशिक प्रमुखांना, दोघांनाही माहीत असतं.

त्याऐवजी एप्रिलपासूनचा एकत्रित रेशो शेजारी द्या. आपल्या शाखेचे दहा महिन्यांचे अर्न्ड ६ कोटी ५ लाख आणि इन्कर्ड ४ कोटी ३० लाख, म्हणजे ७१. महिन्याचे ९५ आणि वर्षाचे ७१ एकत्र वाचले की चित्र नीट दिसतं. लहान शाखेचा एका महिन्याचा रेशो फार उड्या मारतो. निर्णय एकत्रित आकड्यावर घ्यावा आणि कारण महिन्याच्या आकड्यात शोधावं.

ड्रायव्हरकडे योग्य परवाना नव्हता. मग प्रोव्हिजन कमी धरायची?

नाही. पूर्ण धरायची. अटीचा भंग सिद्ध झाला तरी ट्रिब्युनल बहुतेक वेळा 'आधी वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. देणं आपलंच राहतं. वसुली वेगळ्या रकान्यात दाखवा, आणि हातात काही पडेपर्यंत त्याचा फायदा धरू नका. ट्रॅक्टरमालकाकडून तीस लाखांची वसुली कागदावर जितकी सोपी वाटते तितकी गावात जाऊन होत नाही.

मयताचीही काही चूक होती, असा बचाव असेल तर तेच. उभ्या ट्रेलरवर मागून धडक असल्यानं रक्कम काही टक्के कमी होऊ शकते, पण पुरावा फायलीत येईपर्यंत आकडा खाली आणू नये.

'ऊस हंगामामुळे रेशो वाढला' हे कारण चालतं का?

एकट्यानं नाही. हंगाम दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. वाळवा, पलूस, कडेगाव भागात रात्रभर ट्रॅक्टर पळतात, ही बातमी नाही. प्रादेशिक प्रमुख लगेच विचारतील की गेल्या हंगामातही हेच होतं, मग तुम्ही काय केलंत?

कारण हवं ते त्याच्या खालचं. आपल्या पुस्तकातल्या किती ट्रॅक्टरांची पॉलिसी शेतीच्या वापराची आहे आणि प्रत्यक्षात ते कारखान्याशी करार करून भाड्यानं ऊस ओढतात? ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद आहे का, आणि नोंद एकाची असताना मागं दोन जोडले जातात का? ट्रेलरचा प्रीमियम वेगळा भरावा लागतो, हे अनेक मालकांना पॉलिसी देताना कुणी सांगितलेलंच नसतं. ऊसतोडीच्या टोळीतली माणसं ट्रेलरवर बसून जातात का? या प्रश्नांची आकड्यात उत्तरं मिळाली की 'हंगाम' हे कारण न राहता त्यातून काम निघतं.

सुधारात्मक उपाय म्हणून काय लिहावं?

'क्लेमवर बारकाईनं लक्ष ठेवलं जाईल', 'अंडररायटिंग कडक केलं जाईल', 'एजंटांना सूचना दिल्या आहेत'. ही तीन वाक्यं राज्यातल्या प्रत्येक टिपणात असतात आणि कुणी वाचत नाही. उपाय कारणाला बांधलेला असावा, त्याला माणूस आणि तारीख असावी, आणि तो झाला की नाही हे पुढच्या टिपणात दिसावं. आपल्या जानेवारीतून दोनच उपाय निघतात. दोन पुरेत.

पहिला समन्सबाबत. समन्स इनवर्ड झालं की वकिलांकडे जाण्याआधी क्लेम पाहणाऱ्या सहायकानं अर्जातून सात गोष्टी काढायच्या: अपघाताची तारीख, अर्जाची तारीख, वय, व्यवसाय, सांगितलेली कमाई, अवलंबून असलेल्यांची संख्या आणि मागितलेली रक्कम. त्यावरून वरच्या सूत्रानं प्रोव्हिजन त्याच आठवड्यात बदलायची. मागितलेली रक्कम प्रोव्हिजन म्हणून ठेवू नका. अर्जात ५० लाख मागितले असले तरी हिशेब ३२ लाखांचा निघत असेल तर ३२ च ठेवा. सांगितलेली कमाई पटत नसेल तर तपास सांगा, पण तोवर आकडा अर्जाप्रमाणे ठेवा.

समन्सचीही वाट पाहायला नको. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि त्याची प्रत विमा कंपनीकडे येते. हे अहवाल जिथं येतात त्या ई-डार पोर्टलवर आपल्या पॉलिसीचे अपघात दर सोमवारी पाहायची सवय लावली, तर ट्रेलरवरच्या रिफ्लेक्टरचा फोटो काढायला तपासनीस वेळेत पोचतो.

दुसरा उपाय हंगामाआधीचा. सप्टेंबरमध्ये कारखान्याच्या शेती विभागात जाऊन करार झालेल्या वाहनांची यादी मागा. चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या पाहणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, कुणाचा ट्रॅक्टर कुठल्या टोळीला लागलाय हे तोंडपाठ असतं. आपल्या पॉलिसी त्या यादीशी ताडून पाहा. जिथं वापर चुकीचा नोंदला आहे किंवा ट्रेलर नोंदलेला नाही, तिथं मालकाला बोलावून फरकाचा प्रीमियम घ्या आणि नोंद दुरुस्त करा. टीपीचे दर केंद्र सरकार ठरवतं, ते वाढवणं आपल्या हातात नाही. पण योग्य वर्गाचा दर घेणं आपल्या हातात आहे. याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसेल, हे टिपणात स्पष्ट लिहा. जानेवारीच्या टिपणात फेब्रुवारीत रेशो खाली आणण्याचा शब्द देणारा शाखाधिकारी मार्चमध्ये अडचणीत येतो.

लोक अदालतीत फायली मिटवल्या तर रेशो सुधारतो का?

प्रोव्हिजन नीट केली असेल तर थोडा सुधारतो. ३२ लाखांची फाईल २७ ला मिटली तर ५ लाख सुटतात आणि तेवढे इन्कर्ड कमी होतात. शिवाय पुढचं व्याज थांबतं आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. पण ५ लाखांवर पडून राहिलेली फाईल २७ ला मिटवली तर इन्कर्ड २२ लाखांनी वाढतात, आणि टिपणात 'लोक अदालतीमुळे रेशो वाढला' असं हास्यास्पद कारण द्यावं लागतं. राष्ट्रीय लोक अदालतीच्या तारखा आधी जाहीर होतात. तिच्या किमान महिनाभर आधी निवडलेल्या फायलींची प्रोव्हिजन तपासून घ्या आणि तडजोडीची मंजुरी वरून आणून ठेवा. विजयनगरच्या न्यायालयात सकाळी उभं राहून मंजुरीसाठी फोन लावणं काही खरं नाही.

जिथं अपीलच करायचं असेल तिथं एक बदल लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. 'मुंबईहून माहिती आली नाही' ही जुनी ओळ आता शोभत नाही.

जुन्या फायली बंद करून रेशो खाली आणणं म्हणजे लबाडी का?

फाईल खरोखर संपली असेल तर मुळीच नाही. बहुतेक शाखांत अशा फायली असतात. अर्ज फेटाळला गेलेला, अपिलाची मुदत उलटलेली, किंवा पैसे भरून झालेले तरी वरची रक्कम आउटस्टँडिंगमध्ये तशीच. वकिलांकडून निकालाची प्रत मागवा, ती फायलीला लावा आणि मग रक्कम सोडा. प्रत नसताना केवळ 'फाईल जुनी आहे' म्हणून सोडलेली रक्कम परत अंगावर आली की पुढची सगळी टिपणं संशयानं वाचली जातात. मार्चमध्ये एकदम सोडू नका, दर महिन्याला थोडं थोडं करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात नवा धंदा आणला तर खालचा आकडा वाढेल ना?

फारसा नाही. १ मार्चला १२ लाखांच्या वार्षिक पॉलिसी आणल्या तर मार्चच्या अर्न्डमध्ये त्यातले साधारण एकच लाख येतात. नव्या दुचाकीचा टीपी २०१८ पासून पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, नव्या मोटारीचा तीन वर्षांचा. गोळा केलेला आकडा मोठा दिसतो, पण तो वर्षांवर पसरतो. धंदा आणा, जरूर आणा, फक्त या महिन्याच्या रेशोवरचा उपाय म्हणून लिहू नका.

महापुराच्या महिन्यात टिपण कसं लिहावं?

वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. असा महिना आला की गाड्या, दुकानं, गोदामं, हळदीची पोती यांचे क्लेम एकदम येतात आणि रेशोला काही अर्थ उरत नाही. पुराचे क्लेम वेगळ्या कोडखाली नोंदवा, संख्या आणि प्रोव्हिजन वेगळी द्या आणि उरलेला रेशो वेगळा द्या. अशा वेळी प्रादेशिक प्रमुखांना कारण नको असतं, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. सर्व्हेअर पुरतात का, आगाऊ रक्कम किती जणांना द्यायची, पाण्यात बुडालेल्या किती गाड्या मालकानं ओढून न नेता सुरू करून पाहिल्या, हे लिहा.

हेड ऑफिसचा रेशो आपल्याशी जुळत नाही. कुठं चुकलं?

बहुधा कुठंच नाही. शाखेचा आकडा ग्रॉस असतो, कंपनीचा पुनर्विम्याचा हिस्सा काढून. शिवाय झालेले पण अजून न कळलेले क्लेम ॲक्च्युअरी वर धरतात, शाखेच्या आकड्यात ते नसतात. फरक एवढ्यानं समजत नसेल तर महिनाअखेरची तारीख पाहा. ३१ तारखेला संध्याकाळी टाकलेली नोंद बऱ्याचदा पुढच्या महिन्यात जाते.

टिपण किती लांब असावं? नमुना मिळेल?

एक पान. आपल्या शाखेचं असं होईल:

> मा. प्रादेशिक प्रमुख यांस,
>
> जानेवारीचा मोटार क्लेम रेशो ९५ टक्के, एप्रिलपासून एकत्रित ७१ टक्के. डिसेंबरमध्ये महिन्याचा ६४ होता.
>
> इन्कर्ड ५९ लाख. त्यात नवीन क्लेमची प्रोव्हिजन २४, जुन्या फायलींवरील वाढ ४२, सुटलेली रक्कम ७. वाढीतले २७.५ लाख एका मृत्यूच्या दाव्याचे आहेत. अपघात मार्चमधला, समन्स ऑक्टोबरमध्ये मिळालं, अर्जातील तपशिलावरून प्रोव्हिजन जानेवारीत सुधारली. ही सुधारणा ऑक्टोबरमध्येच व्हायला हवी होती. उरलेली १४.५ लाखांची वाढ तीन दुखापतीच्या दाव्यांत असून अपंगत्वाचे दाखले या महिन्यात मिळाले.
>
> समन्स आल्यापासून सात दिवसांत प्रोव्हिजन सुधारण्याचं काम क्लेम सहायकाकडे १ फेब्रुवारीपासून दिलं आहे. ऑक्टोबर ते जानेवारीत आलेली सर्व समन्स १५ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तपासून होतील. त्यातून आणखी वाढ निघू शकते आणि ती फेब्रुवारीच्या रेशोत दिसेल. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची पॉलिसी-तपासणी सप्टेंबरमध्ये करणार आहोत, तिचा परिणाम पुढील हंगामात अपेक्षित आहे.
>
> आपल्याकडून हवं ते: मृत्यूच्या दाव्यात तडजोडीसाठी पूर्वमंजुरी आणि पलूस-कडेगाव भागासाठी आणखी एक तपासनीस.

'आणखी वाढ निघू शकते' हे वाक्य लिहायला जीव होत नाही, पण फेब्रुवारीत खरोखर वाढ निघाली की हेच वाक्य तुमच्या बाजूनं उभं राहतं. शेवटचा परिच्छेद कधीही गाळू नका. टिपण म्हणजे जबाब नव्हे, वरून काय हवं ते मागायची ती जागा आहे.

टिपण पाठवल्यावर फोन आला तर काय विचारतील?

बहुधा एकच: 'असे ५ लाखांवर पडून असलेले मृत्यूचे दावे अजून किती आहेत?' फोन घेण्यापूर्वी सिस्टीममधून ती यादी काढून समोर ठेवा. प्रोव्हिजनच्या रकमेवर फिल्टर लावला की पाच मिनिटांत निघते.